नळाची वेळ सांगा, टाकीची नको



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता चाळी-झोपड्यांतून पुनर्वसनाच्या इमारतींत राहायला गेली आहेत. तेथे पाण्यासाठी रांगेत भांडी लावावी लागत नाहीत. पण नळ घरात आला म्हणजे पाण्याचा कारभार संपला असे होत नाही. तो फक्त इमारतीच्या कमिटीकडे गेला. त्या कारभारातले वर्षातून एक-दोनदा येणारे आणि दर वेळी भांडणे लावणारे काम म्हणजे पाण्याची टाकी साफ करणे. बहुतेक सोसायट्या सहा महिन्यांनी ते करतात. काम एका दिवसाचे, पण त्याची कुरबूर महिनाभर चालते. "आम्हाला कोणी सांगितलेच नाही," असे खालचे म्हणतात. "तुम्ही साडेतीन म्हणालात आणि पाणी आले रात्री," असे वरचे म्हणतात. सेक्रेटरी म्हणतो, "मी तर फलक लावला होता." आणि तिघेही खरे बोलत असतात.

फलक लावलेला असतोच. त्यावर बहुधा एवढेच लिहिलेले असते : "बुधवारी सकाळी ९ ते दुपारी ३.३० टाकी साफ करण्यात येईल. रहिवाशांनी सहकार्य करावे." ही वेळ टाकीची झाली. घरातल्या बाईला टाकीशी काय करायचे आहे? तिला नळाची वेळ हवी. नळ किती वाजता जाईल, किती वाजता येईल, आणि मधल्या वेळेसाठी घरात किती पाणी भरून ठेवायचे, हे तिला कळले पाहिजे. टाकीची वेळ आणि नळाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे थोडे आहेत, पण सोपे आहेत.

समजा, सात मजल्यांची इमारत आहे, दर मजल्यावर आठ घरे, म्हणजे ५६ बिऱ्हाडे. घरटी पाच माणसे धरली तर २८० माणसे झाली. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असा हिशेब धरतात, त्या मानाने इमारतीला रोज ३७,८०० लिटर लागते. इमारतीला टाक्या दोन. एक जमिनीखालची, ४०,००० लिटरची, तिच्यात महापालिकेचे पाणी येऊन पडते. दुसरी गच्चीवरची, २०,००० लिटरची, तिच्यात पंपाने पाणी चढते आणि तेथून ते आपापल्या वजनाने खाली घराघरांत उतरते. महापालिकेचे पाणी संध्याकाळी ५ ते ८ येते. पंप तासाला साधारण १०,००० लिटर चढवतो.

आधी खालची टाकी साफ करायची, मग वरची. हा क्रम उलटा केला तर साफ केलेल्या वरच्या टाकीत पंप पुन्हा खालचाच गाळ नेऊन ओततो आणि सगळा खर्च वाया जातो. कंत्राटदाराला गच्चीवरून सुरुवात करणे सोयीचे वाटले तरी ऐकू नये.

आता बुधवारचा दिवस पाहा. सकाळी ९ वाजता माणसे खालच्या टाकीत उतरतात. त्याआधी पंपाने वरची टाकी काठोकाठ भरून ठेवलेली असते, म्हणून नळ चालूच असतो. दुपारी साडेबारापर्यंत खालची टाकी साफ होते. मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून वरची टाकी हाती घेतात, आणि त्या क्षणी घरातला नळ जातो. साडेतीनला वरचीही साफ होते. फलकावर लिहिलेली वेळ येथे संपली. पण पाणी आहे कुठे? खालची टाकी कोरडी, वरची कोरडी, आणि महापालिकेचे पाणी यायला अजून दीड तास आहे. पाचला पाणी आले तरी पंप लगेच लावता येत नाही. पंपाचा फुटव्हॉल्व्ह पाण्यात नीट बुडला पाहिजे, नाहीतर पंप हवा ओढतो आणि जळतो. पाऊण तास थांबून पावणेसहाला पंप लावला, तर साडेसातपर्यंत वर सतरा-साडेसतरा हजार लिटर चढते. तेव्हा गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडायचा.

म्हणजे फलक सांगतो ९ ते ३.३०, आणि नळ प्रत्यक्षात बंद असतो साडेबारा ते साडेसात. फलकाची दोन्ही टोके चुकली. जी बाई नऊला पाणी जाणार म्हणून पहाटे चारला उठून धावपळीने भरत होती तिचा त्रास फुकट गेला, आणि जी साडेतीनला पाणी येणार म्हणून भांडी मोरीत टाकून बसली तिला चार तास शिव्या घालाव्या लागल्या. यात खोटे कोणी बोलले नाही. चुकीच्या गोष्टीची बरोबर वेळ सांगितली गेली, इतकेच.

वरचा व्हॉल्व्ह साडेसहालाच का उघडू नये, असे कोणी विचारील. साडेसहाला वर जेमतेम सात-आठ हजार लिटर असते. दिवसभर खोळंबलेल्या ५६ घरांचे नळ एकदम उघडतात. खालच्या मजल्यांवर पाण्याला जोर जास्त, ते ओढून घेतात, आणि सातव्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसतो. पंधरा मिनिटांत टाकी पुन्हा तळाला जाते. मग "आम्हाला मुद्दाम पाणी दिले नाही" इथपर्यंत गोष्ट जाते. तासभर कळ काढून वर पुरेसे साठू दिले, तर सगळ्यांना मिळते. आणि फलकावर वेळ द्यायची ती साडेसातची नव्हे, आठची. अर्धा तास हाताशी ठेवावा. आठ म्हणून साडेसातला पाणी आले तर कोणी तक्रार करीत नाही. "लवकरात लवकर सुरू करण्यात येईल" हे वाक्य तर फलकावर लिहूच नये. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या गरजेप्रमाणे लावतो.

ज्यांच्याकडे महापालिकेचे पाणी सकाळी येते त्यांनी हेच वेळापत्रक उचलू नये. त्यांनी दिवस दोन करावेत. पहिल्या दिवशी सकाळचे पाणी वर चढवून घेऊन खालची टाकी साफ करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वरच्या टाकीवर काटकसरीने भागवावे. दुसऱ्या दिवशी खालची टाकी भरल्यावर वरची साफ करावी. तेव्हा पाणी खाली तयारच असल्याने नळ चार-पाच तासांपेक्षा जास्त जात नाही. वरच्या टाकीला मध्ये भिंत घालून दोन कप्पे केलेले असतील आणि दोन्हींचे व्हॉल्व्ह चालू स्थितीत असतील, तर एक कप्पा राखून दुसरा धुता येतो. पण वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी गंजून बसलेला निघतो. तो आठवडाभर आधी फिरवून पाहावा.

दिवस कोणता निवडावा, यावर प्रत्येक कमिटीत वाद होतो. कमिटीवाल्यांना रविवार सोयीचा असतो, कारण त्यांना सुट्टी असते. माझ्या मते रविवार सर्वांत वाईट. त्या दिवशी सगळी माणसे घरात, कपड्यांचे ढीग, पोरांच्या आंघोळी, पाहुणे. पाणी सर्वांत जास्त लागते. मंगळवार किंवा बुधवार बरा. कमिटीतल्या एकाला रजा काढावी लागली तरी चालेल, कारण व्हॉल्व्ह कोणी बंद केला आणि कोणी उघडला हे पाहायला एक जबाबदार माणूस दिवसभर लागतोच. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर यांच्या आसपासचे दिवस टाळतातच सगळे. पण शेजारच्या घरांचा रमजानचा महिना, गणपतीचे दिवस, खालच्या मजल्यावरची हळद यांचीही चौकशी करावी. आणि दिवस ठरल्यावर कोणाच्या घरी मयत झाली, जलदान विधी त्याच दिवशी आला, तर काम पुढे ढकलावे. शंभर-दीडशे माणसांना चहा-जेवण देणाऱ्या घराला "चार बादल्या भरून ठेवा" असे सांगता येत नाही. शिवाय महापालिका स्वतःच्या दुरुस्तीसाठी कधीकधी पूर्ण दिवस पाणी बंद ठेवते, ते आधी जाहीर होते. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करणे म्हणजे पायावर धोंडा. वॉर्डाच्या पाणी खात्यात विचारूनच तारीख पक्की करावी.

आता किती पाणी भरावे, हे सांगण्याचा मुद्दा. हा फलकावर जवळजवळ कधीच नसतो, आणि घोटाळा येथेच होतो. "पाणी भरून ठेवावे" एवढेच सांगितले की माणूस घाबरतो. पिंप, ड्रम, हंडे, पातेली, पोरांच्या बाटल्या, सगळे भरतो. घरटी ३०० लिटर भरले तर ५६ घरांचे १६,८०० लिटर होतात. वरच्या टाकीत आहेत २०,०००. साडेबाराला जाणारे पाणी अकराच्या आतच जाते, आणि जे कामावरून अकराला येऊन भरणार होते त्यांना थेंब मिळत नाही. रात्री तेच भरलेले पाणी "शिळे झाले" म्हणून मोरीत ओतले जाते, ते वेगळेच.

उलट आकडा सांगा. पाच माणसांच्या घराला दुपारी साडेबारा ते रात्री आठपर्यंत पिण्या-स्वयंपाकाला १५ लिटरचा एक हंडा आणि संडास, भांडी, हातपाय धुणे यांसाठी वीस-वीस लिटरच्या चार बादल्या पुरतात. मिळून ९५ लिटर. ५६ घरांचे ५,३२० लिटर झाले. एवढे भरूनही सकाळचा नेहमीचा वापर भागतो आणि साडेबाराला टाकीत चार-पाच हजार लिटर उरतेच. त्यात जिने आणि आवार धुऊन निघतात. आकडा सांगितला की लोक तो पाळतात, कारण पुरेल याची खात्री होते. ज्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, बाळंतीण आहे, त्यांना दोन बादल्या जास्त भरायला वेगळे सांगावे.

आदल्या संध्याकाळचीही एक गोष्ट फलकावर हवी. खालची टाकी सकाळी नऊला रिकामी हवी असेल तर मंगळवारी संध्याकाळी ती पुरी भरून चालत नाही. तीस हजार लिटरच्या आसपास पाणी घेऊन सव्वासातच्या सुमारास आत येणारा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. नाहीतर सकाळी दहा-बारा हजार लिटर चांगले पाणी गटारात सोडावे लागते. पण हे सांगितलेले नसले की कोणीतरी पाहतो, महापालिकेचे पाणी चालू असताना वॉचमन व्हॉल्व्ह फिरवतो आहे, आणि दहा मिनिटांत बातमी होते की कमिटीने पाणी तोडले. एक ओळ लिहिली असती तर वॉचमनची मान वाचली असती.

आता हा नमुना पाहा. आकडे आपल्या इमारतीप्रमाणे बदलून घ्यावेत.

"सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की बुधवार, दि. ... रोजी आपल्या दोन्ही टाक्या साफ करायच्या आहेत. घरातला नळ दुपारी साडेबारा वाजता बंद होईल आणि रात्री आठ वाजता सुरू होईल. सकाळी साडेबारापर्यंत नळ चालू राहील. प्रत्येक घराने पिण्यासाठी एक हंडा आणि वापरासाठी चार बादल्या भराव्यात, एवढे पुरते. सकाळी लवकर कामाला जाणाऱ्यांनी मंगळवारी रात्रीच भरून ठेवावे. त्या दिवशी कपडे धुऊ नयेत. टाकीसाठी मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला महापालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला जाईल, घरचे पाणी चालू राहील. बुधवारी घराबाहेर पडताना सर्व नळ बंद करावेत आणि गिझरचे बटण बंद ठेवावे. टाक्यांची झाकणे उघडी असतील, मुलांना गच्चीवर व आवारात सोडू नये. काम करणारी माणसे सकाळी दहापर्यंत आली नाहीत तर काम रद्द समजावे, तसे लगेच कळवू. अडचण असल्यास विचारावे : ... , मजला ... , फोन ..."

नळ बंद करण्याची ओळ किरकोळ वाटेल, पण ती गाळू नका. पाणी गेले की माणूस नळ फिरवून पाहतो, येत नाही म्हणून तसाच सोडतो आणि कुलूप लावून कामावर जातो. साडेसातला पाणी येते. घर बंद, मोरीच्या जाळीवर फडके पडलेले, आणि पाणी दाराखालून जिन्यात. खालच्या घरातल्या गाद्या भिजतात. गिझरचेही तसेच, टाकीत पाणी नसताना चालू राहिला तर आतली कॉईल जळते. काम रद्द होण्याची ओळही तेवढीच महत्त्वाची. कंत्राटदार आला नाही आणि कोणी सांगितलेही नाही, तर पुढच्या वेळच्या फलकावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

फलक आठवडाभर आधी लावावा, आदल्या दिवशी पुन्हा आठवण द्यावी. आता प्रत्येक इमारतीचा व्हॉट्सॲपचा गट असतो आणि सेक्रेटरीला वाटते की तेथे टाकले म्हणजे झाले. पण दुपारी नळाशी असते ती सासू, आजी, शाळेतून आलेली मुलगी. फोन कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. पोटभाडेकरू तर बहुधा गटात नसतोच. म्हणून आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या आधी, कोणीतरी दारोदार जाऊन तोंडी सांगावे. "मावशी, उद्या साडेबाराला नळ जाईल, रात्री आठला येईल, एक हंडा आणि चार बादल्या भरा," एवढेच वाक्य. ५६ दारांना अर्धा-पाऊण तास लागतो. वरच्या मजल्यापासून खाली यावे, पायांना बरे पडते. तळमजल्यावरची अंगणवाडी, दवाखाना, चहाचे दुकान ही दारे विसरू नयेत. ती रात्री बंद असतात, त्यांना दुपारीच सांगावे.

वेळ सैल ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते तक्रारींपेक्षा फार मोठे आहे. टाकीत माणसे उतरतात. ती बहुधा आपल्यासारख्याच वस्तीतली, रोजावर आलेली पोरे असतात. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले ४ कामगार गुदमरून मेले. पाण्याच्या टाकीत कसला वायू, असे लोकांना वाटते. पण बंद टाकीत लोखंडाचा गंज आणि कुजणारा गाळ हवेतला प्राणवायू खात असतात. झाकण उघडून लगेच उतरलेल्या माणसाला काही कळायच्या आत भोवळ येते. पाणी उपसायला डिझेलचा पंप झाकणापाशी किंवा आत लावला तर त्याचा विषारी धूर टाकीत भरतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. म्हणून टाकीत ॲसिड नेऊच द्यायचे नाही.

सगळी झाकणे तासभर आधी उघडून पंख्याने आत हवा सोडली पाहिजे. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर हवा, आणि दोराचे दुसरे टोक धरून एक माणूस सतत बाहेर हवा. पंपाचे मेन बटण बंद करून त्यावर कुलूप घालावे. आतला माणूस कोसळला तर त्याच्या मागे दुसऱ्याने उडी मारायची नाही. दोराने ओढायचे आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, असे या अपघातांत पुन्हा पुन्हा घडते.

फलकाशी याचा संबंध असा की, फलकावर तीन तासांचे काम दोन तासांत लिहिले की दोन वाजता लोक गच्चीवर येऊन विचारू लागतात, मुकादम ओरडतो, आणि पहिली काटछाट होते ती झाकणे उघडी ठेवण्याच्या तासाची. म्हणून तो तास वेळापत्रकात आधीच मोजावा : खालच्या टाकीची झाकणे आठला, वरच्या टाकीची साडेअकराला. वरच्या टाकीचे पाणी तेव्हा अजून वापरात असते, म्हणून झाकणावर जाळी किंवा स्वच्छ कापड टाकावे आणि तेथे माणूस बसवावा.

साफ करण्याच्या कामाविषयी रहिवाशांना फार सांगायची गरज नाही, पण कमिटीच्या माणसाने दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. एक म्हणजे साबण किंवा धुण्याची पावडर वापरलेली नाही ना; कडक नायलॉनचा ब्रश आणि पाण्याचा मारा पुरतो. दुसरे, गाळ काढल्यावर भिंतींना ब्लीचिंगचे पाणी लावले का. वीस लिटरच्या बादलीत साधारण पंधरा ग्रॅम चांगली ताजी ब्लीचिंग पावडर कालवून, वरचे निवळ पाणी भिंतींना व तळाला लावायचे, अर्धा तास ठेवायचे आणि स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणी बाहेर काढायचे. खालची टाकी रिकामी असताना आणखी एक पाहावे. कोरडी केलेली टाकी तासाभरात कोपऱ्यातून आपोआप ओली होत असेल, तर भिंतीला चीर आहे आणि बाहेरचे पाणी, कदाचित गटाराचे, आत येते आहे. असे दिसले तर ब्लीचिंगने भागत नाही, आधी चीर बुजवावी लागते. तोवर सगळ्या घरांना पाणी उकळून प्यायला सांगावे.

रात्री पाणी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे होते त्याने लोक घाबरतात, म्हणून दारोदार सांगतानाच तेही सांगून ठेवावे. नळ आधी फुसफुसतो, थुंकतो. पाइपात हवा अडकलेली असते, ती निघून जाते. वरच्या मजल्यावर त्याला जास्त वेळ लागतो. मग थोडे तांबूस पाणी येते. रिकामा झालेला लोखंडी पाइप पुन्हा भरताना गंज सुटतो. ते बादलीत धरून संडासाला वापरावे. पाच-दहा मिनिटांत निवळले नाही तर कळवावे. औषधाचा हलका वास आला तर भिण्याचे कारण नाही. पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवले की वास जातो. पण वास इतका उग्र असेल की डोळे चुरचुरतात, तर टाकी नीट धुतली गेली नाही असे समजावे, ते पाणी पिऊ नये आणि लगेच सांगावे. पाण्याला गटाराचा वास आला तर मात्र कोणाच्या परवानगीची वाट न पाहता पिणे बंद करावे आणि शेजाऱ्यांना उठवावे.

पाचला महापालिकेचे पाणी आलेच नाही तर? तसेही होते. टँकरवाल्याचा नंबर आदल्या दिवशीच घेऊन, दर विचारून ठेवावा. सहापर्यंत पाणी आले नाही तर टँकर मागवावा आणि त्याच वेळी दुसरा निरोप फिरवावा : "पाणी आठऐवजी दहाला येईल, टँकर निघाला आहे." उशिराचे खरे कारण वेळेवर कळले तर लोक सोसतात. आठ वाजून गेल्यावर दिलेला निरोप मात्र कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फलकाच्या जागी चार ओळींचा एक कागद लावावा. नळ किती वाजता आला, टाकीतून किती गाळ निघाला, कोणते झाकण फुटलेले सापडले आणि ते कधी बदलणार, कंत्राटदाराला किती पैसे दिले, आणि पुढची साफसफाई कोणत्या महिन्यात आहे. आणि वरच्या मजल्यावर अजून पाणी कमी येत असेल तर कोणाला सांगायचे, त्याचे नाव.